विश्लेषण : थंडीत ब्रॉयलर कोंबडीच्या पोटात पाणी का होते? आणि त्या मरतुकीचा हिशेब शेतकऱ्याच्याच नावावर का?

डिसेंबर उजाडला की करी रोड, लालबाग, परळच्या चिकनच्या दुकानांपुढची रांग वाढते. मार्गशीर्षाचे गुरुवार पाळणारी घरे सोडली, तर लग्नसराई आणि थर्टी फर्स्टमुळे मागणी चढीच असते. दुकानाबाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यातला पांढरा ब्रॉयलर येतो तो पुणे, रायगड, नाशिक, पालघर या पट्ट्यातल्या शेडमधून. दोन किलोच्या आसपासचा हा पक्षी जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा असतो. दुकानात त्याचे वजन होते, दर विचारला जातो आणि विषय संपतो.

मात्र याच दिवसांत त्या शेडमध्ये एक वेगळीच मरतूक सुरू असते. लस चुकलेली नसते, साथ आलेली नसते, शेजारच्या फार्मवर काही नसते. तरी रोज सकाळी पाच-दहा पक्षी मेलेले सापडतात. काहींचे पोट पाण्याच्या पिशवीसारखे तट्ट फुगलेले असते, तर काही धष्टपुष्ट पक्षी पाय वर करून उताणे पडलेले असतात. पहिल्या प्रकाराला शेतकरी ‘पोटात पाणी’ म्हणतात, पशुवैद्यकीय भाषेत तो ‘असायटिस’ किंवा जलोदर. दुसऱ्याचे नाव ‘सडन डेथ सिंड्रोम’, म्हणजे अचानक मृत्यू. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पक्ष्याचे शरीर ज्या वेगाने वाढते, त्या वेगाला त्याचे हृदय आणि फुप्फुस पुरे पडत नाही.

त्यामुळे ‘शेतकऱ्याने शेडला हवा ठेवली नाही’ हे या मरतुकीवरचे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे.

एवढा वेग आला कुठून?

ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो इंजेक्शनमुळे किंवा हार्मोनमुळे, असा समज मुंबईत घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्यासाठी पाहण्यासारखा आहे. त्यांनी १९५७ आणि १९७८ सालच्या जपून ठेवलेल्या जाती आणि २००५ ची व्यापारी जात शेजारी-शेजारी वाढवल्या. तिघांना खाद्य एकसारखेच दिले. ५६ व्या दिवशी १९५७ च्या जातीचा पक्षी सुमारे ९०० ग्रॅमचा होता, १९७८ चा १ किलो ८०० ग्रॅमचा आणि २००५ चा तब्बल ४ किलो २०० ग्रॅमचा. खाद्य तेच असताना वजनात साडेचार पटींहून अधिक फरक पडला, तो निवड पैदाशीमुळे. प्रत्येक पिढीत जो लवकर वाढतो आणि ज्याच्या छातीला मांस जास्त भरते, त्याचीच पुढची पिढी काढायची, हे काम अर्धे शतक नेटाने चालले. त्याचा परिणाम पिंजऱ्यात दिसतो.

मांस वाढले की त्याला लागणारा ऑक्सिजनही वाढतो. अडचण तिथेच सुरू होते.

पोटात पाणी येते कसे?

माणसाने दीर्घ श्वास घेतला की फुप्फुस फुगते. कोंबडीचे तसे नाही. तिचे फुप्फुस बरगड्यांना घट्ट चिकटलेले, आकाराने लहान आणि जवळपास न फुगणारे असते. हवा आत-बाहेर खेळवण्याचे काम वेगळ्या हवेच्या पिशव्या करतात. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्याही फारशा रुंदावू शकत नाहीत. घरातला पाण्याचा पाइप अर्ध्या इंचाचा आणि मागणी दोन इंचाची, तशी ही स्थिती असते.

शरीर ऑक्सिजन मागते, म्हणून हृदय फुप्फुसाकडे जास्त रक्त ढकलते. वाहिन्या रुंदावत नसल्याने दाब वाढतो. फुप्फुसाकडे रक्त पाठवण्याचे काम हृदयाच्या उजव्या कप्प्याचे असते. व्यायामाने दंड जाड व्हावा, तशी सततच्या दाबाने त्या कप्प्याची भिंत जाड होते. आता पक्ष्यांच्या शरीररचनेतली खास गोम पुढे येते. माणसाच्या हृदयात या बाजूची झडप पातळ पडद्यांची असते. कोंबडीत मात्र ती स्नायूचीच एक फडफडती पट्टी असते, त्याच भिंतीचा भाग. भिंत जाड झाली की झडपही जाड आणि ताठर होते आणि नीट मिटेनाशी होते. दर ठोक्याला थोडे रक्त मागे, शिरांमध्ये परतू लागते.

हे तुंबलेले रक्त यकृतात साचते. यकृताच्या पृष्ठभागातून रक्तातले पाणी पाझरून पोटात उतरते. शेवटी पोटात गवती-पिवळ्या रंगाचे पाणी भरते आणि त्यात जेलीसारख्या गाठी तरंगतात. दुसरीकडे, ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवते. त्याने रक्त दाट होते आणि दाब आणखी चढतो.

या साखळीला वेळ लागतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. पक्षी चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मरतो, पण दाब वाढायला सुरुवात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कधी त्याही आधी झालेली असते. ३५ व्या दिवशी शेडमध्ये येऊन ‘पडदे उघडा’ सांगणाऱ्याला त्या बॅचमधले फारसे काही वाचवता येत नाही.

अचानक मृत्यूत एवढा अवधीही मिळत नाही. पक्षी खात-पीत, हिंडत असतो. एकदम ओरडतो, पंख फडफडवतो आणि मिनिटभरात उताणा पडतो. हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे जाणे थांबते. मरणारे बहुतेक नर असतात, तेही बॅचमधले चांगले वजनदार. पोटगुळ्यात खाद्य भरलेले असते, म्हणजे शेवटच्या घटकेपर्यंत पक्षी खात होता. पोटात पाणी झालेला पक्षी उलट मागे पडलेला, खुजा, निळसर तुऱ्याचा असतो. थंडी असूनही चोच उघडून धापा टाकतो. या खुणा शेतकऱ्याला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात.

मग थंडीतच का?

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावरच्या उंच गावांमध्ये हा आजार पहिल्यांदा ठळकपणे दिसला. तिथली हवाच विरळ, त्यामुळे कारण उघड होते. पुढे जाती जसजशा वेगवान झाल्या तसा तो सपाटीवरही दिसू लागला. नाशिक, पुणे ही शहरे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहेत. तेवढ्या उंचीवर हवा काही फार विरळ होत नाही. आपल्याकडे खलनायक थंडी आहे. निफाडला पारा दहाच्या खाली जाणे हिवाळ्यात नित्याचे झाले आहे. शरीर ऊबदार ठेवायला पक्षी जास्त ऊर्जा जाळतो आणि त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. वाढीची मागणी आधीच टोकाला गेलेली, त्यावर थंडीची भर.

शेतकरी साहजिकच पडदे खाली सोडतो, कडा बांधतो आणि आत शेगडी किंवा गॅस ब्रूडर पेटवतो. बाहेर आठ अंश असताना आठवड्याभराच्या पिल्लाला तिशीच्या घरातले तापमान द्यायचे तर दुसरे तो करणार काय?

बंद शेडमध्ये ‘ऑक्सिजन संपतो’ असे सांगितले जाते, पण तसे सहसा होत नाही. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण थोडेसेच खाली येते. खरे नुकसान तीन गोष्टी करतात. पहिली, ओल्या तुसातून उठणारा अमोनिया. तो श्वासमार्गाचे अस्तर जाळतो आणि आधीच तोकडे असलेले फुप्फुस आणखी निकामी करतो. दुसरी, तुसाची धूळ. तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कोळशाच्या शेगडीतला कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. पिल्लांना ऊब मिळते, पण त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते.

अमोनिया वीस-पंचवीस पीपीएमच्या पुढे गेला की माणसाच्या डोळ्यांत चुरचुरते. पण दिवसभर शेडमध्ये असणाऱ्याचे नाक त्याला सरावते. म्हणून तपासणी पहाटे करावी, बाहेरच्या मोकळ्या हवेतून सरळ आत शिरताना आणि नाक पिल्लांच्या उंचीवर, म्हणजे खाली वाकून. उभ्याने श्वास घेणाऱ्याला तुसालगतची हवा कळत नाही.

उपाय स्वस्त आहे. पडदा खाली घट्ट बांधायचा आणि वरून उघडायचा. वरच्या कडेला फूटभर फट रात्रीही ठेवायची. गरम, ओलसर, अमोनियाने भरलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. बाहेरची थंड हवा वरूनच आत येते आणि खाली पोहोचेपर्यंत मिसळून कोमट होते, पिल्लांच्या अंगावर झोत येत नाही. अनेक शेडमध्ये पडदा वर बांधून खालून गुंडाळतात. तिथे थोडा उघडला की गार वारा थेट पिल्लांवर येतो. मग शेतकरी तो पूर्ण बंद करतो आणि ब्रूडिंगची ऊब टिकवता टिकवता आजाराची पायाभरणी करून बसतो.

खाद्याचा संबंध काय?

शेतकऱ्याच्या हातात पडदे आणि तूस आहे. खाद्य त्याच्या हातात नाही. मुंबईच्या आसपासचा बहुतांश ब्रॉयलर करार पद्धतीने वाढतो. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनी देते. शेड, वीज, पाणी, तूस, ऊब आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी उचलले की किलोमागे ‘ग्रोइंग चार्ज’ मिळतो. मरतूक किती झाली आणि एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले, म्हणजे एफसीआर, यावर तो वर-खाली होतो.

खाद्य दोन रूपांत देता येते. भरडलेल्या रूपाला मॅश म्हणतात, दाबून केलेल्या कांडीला पेलेट. घटक तेच असले तरी पेलेटवर पक्षी कमी वेळात जास्त खातो, सांडलवंड कमी होते आणि वाढ वेगाने होते. एफसीआर सुधारतो, म्हणून कंपनीला आणि शेतकऱ्यालाही पेलेट आवडते. पण याच वेगामुळे पेलेटवरच्या बॅचमध्ये पोटात पाणी होण्याचे आणि अचानक मृत्यूचे प्रमाण मॅशच्या तुलनेत वाढते. कुक्कुटविज्ञानात हा निष्कर्ष जुना आहे आणि त्यावर फारसा वाद नाही. मिठाचेही भान ठेवावे लागते. खाद्यात ते जास्त पडले किंवा बोअरचे पाणी खारे असले, तर सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतो आणि दाबात भर घालतो. पाण्याची तपासणी शेतकऱ्याने करावी, खाद्यातल्या मिठाची जबाबदारी ज्याचे खाद्य त्याची.

प्रकाशही एका अर्थी खाद्याचाच भाग आहे, कारण उजेड असेल तोवर ब्रॉयलर खात राहतो. रात्रभर दिवे ठेवले की वजन चढते. पहिला आठवडा संपल्यावर रात्री चार ते सहा तास सलग अंधार दिला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली वाढ थोडी मंदावते. हृदय-फुप्फुसाला तेवढी उसंत मिळते आणि नंतर पक्षी बरेचसे वजन भरून काढतो. साधारण ७ ते १४ या दिवसांत पेलेटऐवजी मॅश देणे किंवा दिवसातून काही तास खाद्याची भांडी वर उचलणे, हेही त्याच तत्त्वावर चालते. हे फुकट मात्र होत नाही. ठरलेले वजन गाठायला एखादा-दुसरा दिवस जास्त लागू शकतो. आवळ जास्त झाला तर वजन भरून निघत नाही आणि भुकेलेले पक्षी भांड्यांवर तुटून पडतात. पुन्हा हे सगळे आजार दिसण्याआधी करायचे असते. पोट फुगल्यावर ते परत आणणारे औषध नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या-पावडरीने दोन-चार दिवस ढकलले जातात, इतकेच.

शेतकऱ्याला हे कितीला पडते?

एक हिशेब मांडून पाहू. समजा ५,००० पिल्लांची शेड आहे. नेहमीची मरतूक ४ टक्के, म्हणजे २०० पिल्ले, बहुतेक पहिल्या काही दिवसांतली. त्यांनी मिळून शंभर किलो खाद्य खाल्ले असे धरू. उरलेले ४,८०० पक्षी सरासरी २.२ किलोचे विकले गेले आणि प्रत्येकाने सुमारे साडेतीन किलो खाद्य खाल्ले. विक्री झाली १०,५६० किलो आणि खाद्य लागले सतरा हजार किलोच्या जवळपास. एफसीआर १.६१.

आता याच शेडमध्ये पाचव्या आठवड्यात पोटात पाणी होऊन आणखी १५० पक्षी गेले. ही मरतूक पहिल्या आठवड्यातल्या मरतुकीसारखी नाही. तेव्हा मेलेल्या पिल्लाने मूठभर खाद्य खाल्लेले असते. या १५० पक्ष्यांनी प्रत्येकी तीन किलो, म्हणजे साडेचारशे किलो खाद्य खाल्ले आणि वजनकाट्यावर शून्य दिले. विक्री १०,२३० किलोवर आली आणि एफसीआर १.६५ वर गेला. मरतूक ४ वरून ७ टक्के. करारात दोन्ही आकड्यांवर कपात असेल, तर शेतकरी तीनदा मार खातो. विक्रीचे ३३० किलो गेले, मरतुकीपोटी कपात झाली आणि एफसीआर बिघडला म्हणून दरही उतरला.

हिशेबाच्या कागदावर मात्र एकच रकाना असतो, ‘मरतूक’. त्यात ऊब न मिळाल्याने मेलेले पिल्लू आणि वाढीच्या वेगाने हृदय थकून मेलेला पाच आठवड्यांचा नर सारखेच मोजले जातात. पहिल्यात शेतकऱ्याचा हलगर्जीपणा असू शकतो. दुसऱ्यात जात, खाद्याचे रूप आणि प्रकाशाचे वेळापत्रक यांचा वाटा आहे आणि त्यातल्या निदान पहिल्या दोन गोष्टी शेतकरी ठरवत नाही. वायुवीजनाचा दोष त्याचा असेल, तर त्याच्या नावावर जरूर लिहावा. पण तो आहे की नाही हे मेलेला पक्षी उघडून पाहिल्याशिवाय ठरू नये.

हे पाहणे अवघड आहे का?

अजिबात नाही. पशुवैद्य हृदय कापून उजव्या कप्प्याच्या भिंतीचे वजन करतो आणि ते दोन्ही कप्प्यांच्या एकूण वजनाशी ताडून पाहतो. निरोगी पक्ष्यात हा वाटा साधारण पाव किंवा त्याहून कमी भरतो. तो ३० टक्क्यांच्या पुढे गेला की फुप्फुसातला दाब वाढला होता हे धरून चालता येते, पोटात पाणी दिसो वा न दिसो. कात्री, छोटा वजनकाटा आणि दहा मिनिटे, एवढेच लागते.

पोस्टमॉर्टेम आणखी एका कारणासाठी हवे. प्रत्येक पाणी असायटिसचे नसते. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरून हृदय सोललेल्या लीचीसारखे दिसत असेल आणि मरतूक एकदम वर गेली असेल, तर तो विषाणूजन्य ‘लीची रोग’ असण्याची शक्यता मोठी. तो पसरतो आणि त्याची दक्षता निराळी. मक्याला बुरशी लागून खाद्यात अफ्लाटॉक्सिन उतरले असेल तर तेही यकृत बिघडवून पोटात पाणी आणू शकते. तिथे दोष थेट खाद्याचा. कारण न पाहता सगळे ‘हवा नव्हती’ या खात्यात टाकले, की पुढच्या बॅचलाही तेच खाद्य येते आणि तेच घडते.

अशी तपासणी करणाऱ्यांची राज्यात वानवा आहे असेही नाही. करी रोडपासून हाकेच्या अंतरावर परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. ते ज्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, त्याची महाविद्यालये राज्यात इतरत्रही आहेत. करारात एक कलम घालता येईल. तिसऱ्या आठवड्यानंतरची मरतूक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर कंपनी आणि शेतकरी दोघांच्या समक्ष किमान पाच-सहा पक्ष्यांचे पोस्टमॉर्टेम व्हावे. असायटिस आणि अचानक मृत्यू वेगळ्या रकान्यात लिहिले जावेत. हिवाळ्यातल्या बॅचला दुसऱ्या आठवड्यातले मॅश आणि अंधाराचे तास कंपनीने लेखी द्यावेत. ते पाळूनही मरतूक झाली तर तिची कपात होऊ नये, आणि शेतकऱ्याने ते पाळले नाही तर व्हावी. कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे, की एक-दोन दिवस उशिरा उचललेला पक्षी महाग पडतो. पाचव्या आठवड्यात साडेचारशे किलो खाद्य खाऊन मेलेले दीडशे पक्षी शेतकऱ्याच्या खात्यात घालता येतात, तोपर्यंतच त्यांना तो दिवस महाग वाटणार.

ग्राहकाने काय समजायचे?

असायटिस संसर्गजन्य नाही आणि तो माणसाला होत नाही. पशुवैद्यकीय पाहणी असलेल्या कत्तलखान्यात पाणी भरलेला पक्षी सहसा बाजूला काढला जातो. गल्लीतल्या दुकानात पशुवैद्य नसतो, तिथे ही पाहणी कापणाऱ्याच्या नजरेवर चालते. पोट कापताच पिवळे पाणी आणि जेलीच्या गाठी बाहेर आल्या, यकृत सुजलेले किंवा डागाळलेले निघाले, तर तो पक्षी नको म्हणून दुसरा मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे आणि बहुतेक दुकानदार तो देतातही. पिंजऱ्यात निळसर तुऱ्याचा, कोपऱ्यात बसून धापा टाकणारा पक्षी दिसला तर तो तोलायला सांगू नये. पोटातल्या पाण्याचेही वजन काट्यावर येतेच.